पाणी 18 नोव्हेंबरला येणार होतं

आमची पाणी वापर संस्था यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मध्यम पाटबंधारे प्रकल्पाच्या मायनरवर, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या कालव्यावर आहे. साडेपाच किलोमीटरचा मायनर, 11 आउटलेट, दोन गावं, 212 सभासद. मी तिचा सचिव. त्या वर्षी ऑगस्टच्या पुरात चौथ्या आउटलेटच्या खाली नाल्यावरची मोरी खचली आणि तिच्या मागचा चाळीसेक मीटरचा भराव अस्तरासकट बसला. रब्बीच्या पहिल्या पाण्याआधी दुरुस्ती होणार, असं आम्ही सप्टेंबरच्या सभेत सांगितलं होतं. ती झाली नाही. काम लांबलं ही मोठी गोष्ट नाही, सरकारी कालव्यावर कामं लांबतातच. पण लांबल्याचं आम्ही लोकांना दोनदा कळवलं. पहिल्यांदा ते सपशेल फसलं, दुसऱ्यांदा बरंचसं जमलं, आणि त्यातही एक चूक राहिली. त्या दोन सूचनांचंच हे टाचण आहे.

आधी काम का लांबलं ते सांगतो, कारण सूचनेत त्यातलं किती घ्यायचं यावरच आमचं गाडं अडलं होतं.

आमच्याकडची जमीन काळी, भारी. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीटचं अस्तर टाकलं की दोन-तीन वर्षांत ते उचललं जातं आणि तडकतं. म्हणून काळी माती खोदून काढायची, तिच्या जागी न फुगणारा मुरूम थराथरानं भरायचा, एकेक थर दाबायचा आणि मग काँक्रीट करायचं. मुरूम दाबायला थोडी ओल लागते, पण ती बेताची हवी. पाटबंधारे खात्याच्या शाखा अभियंत्यांनी जागेवरच एक साधी परीक्षा दाखवली होती. मूठभर मुरूम घेऊन दाबा. गोळा बनून तो हलक्या बोटानं फुटला तर ठीक. बोटांचे ठसे उमटून गोळा लोण्यासारखा दबला, तर रोलर कितीही फिरवा, थर बसणार नाही.

काम 5 ऑक्टोबरला सुरू व्हायचं होतं. परतीचा पाऊस 18 तारखेपर्यंत हटला नाही. मध्ये एकदा उघडीप पाहून जेसीबी आणला, तो काठावरच रुतला आणि काढायला दोन ट्रॅक्टर लागले. गोळा काही केल्या फुटेना. वाफसा येऊन काम सुरू होणार 27 ऑक्टोबरला, हे 19 तारखेला पक्कं झालं. म्हणजे 22 दिवसांची घसरण.

आता पुढचं गणित. मुरमाला 13 दिवस, काँक्रीटला 10 दिवस, शेवटचं काँक्रीट 18 नोव्हेंबरला. त्यानंतर पूर्ण विसर्ग सोडण्याआधी 21 दिवस थांबा, असं अभियंत्यांनी लेखी दिलं होतं. म्हणजे मायनर तयार 9 डिसेंबरला. मूळ वेळापत्रकात तो 17 नोव्हेंबरला तयार होऊन 18 ला आमची पाळी होती. सरळ बेरीज केली तर पाणीही 22 दिवस उशिरा, 10 डिसेंबरला यायला हवं. मीही पहिले दोन दिवस हेच धरून चाललो होतो.

पण कालव्याचं पाणी नळासारखं नसतं, ते आवर्तनानं, म्हणजे ठरलेल्या दिवसांच्या पाळीनं येतं. मुख्य कालव्याचं पहिलं आवर्तन 15 नोव्हेंबर ते 5 डिसेंबर असं कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरलं होतं, दुसरं 20 डिसेंबरपासून. आमचा मायनर तयार होणार होता मुख्य कालवा बंद झाल्यावर चार दिवसांनी. आम्ही विचारून पाहिलं, चार दिवस कालवा चालू ठेवता येईल का? उत्तर नकारार्थी आलं आणि ते पटलंही. एका मायनरसाठी अख्खा मुख्य कालवा भरलेला ठेवायचा तर वाटेत मुरणारं पाणी सगळ्यांच्या तिसऱ्या आवर्तनातून वजा होतं. काँक्रीटचे 21 दिवस कमी करून फायदा नव्हता, चार दिवस वाचवले तरी आवर्तनाचा शेवटचा दिवसच हाती लागला असता. थोडक्यात, काम 22 दिवसांनी लांबलं आणि पाणी 32 दिवसांनी. 18 नोव्हेंबरचं थेट 20 डिसेंबर.

हा 22 आणि 32 मधला फरक पहिल्या सूचनेत कुठेही नव्हता. 21 ऑक्टोबरला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलेली ती सूचना अशी:

«सर्व लाभधारकांना कळविण्यात येते की, अतिवृष्टीमुळे व अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव मायनर दुरुस्तीचे काम प्रलंबित असून रब्बी हंगामाचे पहिले आवर्तन लांबणीवर पडण्याची शक्यता आहे. सुधारित तारीख यथावकाश कळविण्यात येईल. कृपया सहकार्य करावे.»

ही मीच लिहिली होती. लिहिताना ती मला जबाबदार वाटत होती. तारीख अजून शाखेकडून लेखी आली नव्हती, मग आपण कशाला अडकून घ्या, असा विचार. अशी सूचना वाचून सभासदाच्या हाती काय लागतं, ते तीन दिवसांनी कळलं.

24 तारखेला सकाळी दहाव्या आउटलेटवरचे एक बुवा संस्थेच्या खोलीसमोर सायकल लावून उभे राहिले. कॅरियरला गव्हाच्या बियाण्याची 40 किलोची दोन पोती. एक शिवलेलं, एकाचं तोंड उघडलेलं.

“सचिवसाहेब, हे वापस घेईन का कोनी?”

मी म्हटलं, “काका, लांबणीवर पडणार हे आम्ही लिहिलं होतं ना.”

“लिवलं होतं. लांबनीवर म्हंजे किती? दिवसाचं का महिन्याचं? पंधरा दिस सरकलं त गहू होते मा. महिना सरकला त नाई होत. मले काय समजाव?”

बियाण्याला औषध लावलेलं असतं, त्यामुळे उघडलेलं पोतं दळूनही खाता येत नाही. ते पेरायचं, नाहीतर मातीत घालायचं. बुवांचा प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तीन दिवसांपासून होतं. ते शंभर टक्के पक्कं नव्हतं म्हणून मी खिशात ठेवलं होतं.

तिथे मला एक गोष्ट लख्ख दिसली. मी कामाच्या तारखा मोजत होतो, तर लोक बियाण्याच्या. आमच्या भागात सोयाबीन निघालं, वावर मोकळं झालं की ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात माणूस कृषी केंद्रात जातो आणि गहू की हरभरा हे तिथे ठरतं. एकदा बियाणं घेतलं की सूचनेचा उपयोग फक्त शिव्या द्यायला. म्हणजे आमची खरी मुदत 18 नोव्हेंबर नव्हतीच. ती होती 25 ऑक्टोबरच्या आसपास. पक्की तारीख 30 ऑक्टोबरला कळवण्यापेक्षा ‘बहुतेक 20 डिसेंबर, त्याआधी नक्की नाही’ हे 21 ला कळवणं कितीतरी मोलाचं होतं. ‘त्याआधी नक्की नाही’ एवढं तर आम्हाला 21 लाच ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी अध्यक्ष, दोन संचालक, पाणी सोडणारा पाटकरी आणि मी असे पाच जण बसलो. दुसरी सूचना लिहायला अडीच तास लागले. त्यातला दीड तास एकाच मुद्द्यावर गेला: गव्हाचं काय सांगायचं? एक संचालक म्हणाले, “आपन पान्याची तारीख सांगावं. कोनं काय पेराव ते आपन काऊन सांगाव?” मुद्दा बिनतोड होता. संस्थेनं पीक सांगितलं आणि बुडालं तर खापर संस्थेवर. पण नुसती तारीख सांगून भागत नव्हतं, कारण त्या वर्षी तारखेनंच फसगत होणार होती. ती कशी, ते बघा.

परतीच्या पावसानं वावरात ओल भरपूर होती. पेरणीआधी पाणी देऊन ओलवणी न करता गहू पेरता येईल एवढी. म्हणजे ‘पाणी 20 डिसेंबरला’ हे वाचून माणूस म्हणेल, पेरून तर घेऊ, पाणी मागून येतेच आहे. आता 10 नोव्हेंबरला गहू पेरला तर त्याला पहिलं पाणी हवं 18 ते 21 दिवसांनी, मुकुटमुळं फुटतात तेव्हा. म्हणजे नोव्हेंबर सरता सरता. हे पाणी चुकलं की फुटवेच कमी येतात, पुढे कितीही पाणी द्या, भरून निघत नाही. कालवा येणार चाळिसाव्या दिवशी. बरं, गहू थांबवून पाणी आल्यावर पेरू म्हटलं तर बागायती गव्हाची वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली आणि उशिराचीही धाव 15 डिसेंबरपर्यंत. 20 डिसेंबरनंतरचा गहू दाणा भरताना फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सापडतो आणि बारीक पडतो. दोन्हीकडून दार बंद.

हरभऱ्याचं उलट होतं. ज्या पावसानं आमचं काम बुडवलं त्यानंच हरभऱ्याला ओल दिली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेला हरभरा 20-25 डिसेंबरला साधारण 45 ते 50 दिवसांचा होतो, फुलोऱ्यावर येतो, आणि एखादंच पाणी द्यायचं असेल तर ते तेव्हाच कामी येतं. भारी जमिनीत त्याला जास्त पाणी उलट बाधतं, नुसता पाला वाढतो आणि मर लागते. म्हणजे आमच्या नव्या तारखेशी हरभरा जुळत होता, गहू जुळत नव्हता. हे ‘काय पेरा’ सांगणं नव्हतं. तारखेचा अर्थ सांगणं होतं. शेवटी ठरलं ते असं: पीक सांगायचं नाही, पीक आणि तारीख यांचा हिशेब मांडायचा, आणि विहीरवाल्यांना वेगळं काढायचं, कारण ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याचा गहू आमच्या तारखेवर अवलंबूनच नव्हता.

दुसरा वाद कारणावर झाला. अध्यक्षांना ठेकेदाराबद्दल दोन ओळी हव्या होत्या, जेसीबी रुतवल्याबद्दल. मला नको होत्या. ठेकेदाराची बाजू घ्यायची म्हणून नाही. सूचनेत कारण कशासाठी असतं? वाचणाऱ्याला नव्या तारखेवर कितपत विसंबावं हे कळावं म्हणून. पाऊस तर सगळ्या गावानं पाहिला होता. लोकांना पडणारा प्रश्न वेगळाच होता: पाऊस 18 ऑक्टोबरला उघडला, मग पाणी थेट 20 डिसेंबरला कसं? मधले दोन महिने कुठे गेले? याचं उत्तर मुरमाची ओल, काँक्रीटचे 21 दिवस आणि आवर्तनाची पाळी, इतकंच. जेसीबीत ते नव्हतं. जेसीबी रुतला नसता तरी तारीख हीच आली असती. ‘तांत्रिक कारण’ या दोन शब्दांनी नेमकं हेच झाकलं होतं, आणि झाकलेल्या जागी लोक आपापलं कारण भरतात. गावात तोवर ‘पैसे खाल्ले’ सुरू झालंच होतं.

तिसरी अडचण वरच्या चार आउटलेटची. मोडतोड त्यांच्या खाली. त्यांच्यापर्यंतचा कालवा धड. त्यांच्यातला एक तरणा सभासद फोनवर तावातावानं म्हणाला, “आमच्या वावरापर्यंत त कालवा खडखडीत हाये नं भाऊ, मंग आमाले काऊन पानी नाई?” शंका रास्त होती. रेतीच्या पोत्यांचा बांध घालून वरच्यांना तेवढं पाणी द्यावं का, हे आम्हीही अभियंत्यांना विचारलं होतं. अडचण अशी की त्या वरच्या टप्प्यात जादा पाणी नाल्यात सोडून द्यायला सांडवा नाही. दिवसा चारही आउटलेट उघडे असतात तोवर ठीक. रात्री कोणी आपलं आउटलेट बंद करून घरी गेला, की पाणी पोत्यांवरून उलटून थेट ताज्या मुरमावर. एका रात्रीत 13 दिवसांचं काम गाळात. हे त्याला सांगितल्यावर तो गप्प झाला. पटलं असं नाही म्हणणार, पण त्यानं ते इतरांना सांगितलं, आणि आम्ही सांगण्यापेक्षा ते जास्त चाललं.

24 ऑक्टोबरच्या रात्री गेलेली सूचना ही:

«मायनरला पाणी 18 नोव्हेंबरला येणार नाही. आता 20 डिसेंबरला येईल, त्याआधी येणार नाही.

असं का: पावसामुळे मुरूम ओला होता म्हणून काम 5 ऐवजी 27 ऑक्टोबरला सुरू होत आहे. काँक्रीट 18 नोव्हेंबरला संपेल. त्यावर 21 दिवस पाणी सोडता येत नाही, म्हणजे 9 डिसेंबर. मुख्य कालव्याचं पहिलं आवर्तन 5 डिसेंबरला बंद होतं. पुढचं 20 डिसेंबरला सुटतं. त्यात आपली पाळी.

कोणासाठी काय:

फक्त कालव्यावर भिजणारं वावर: 10 नोव्हेंबरला पेरलेल्या गव्हाला पहिलं पाणी नोव्हेंबरअखेर लागतं. ते कालव्यातून मिळणार नाही. हरभरा ओलीवर पेरला तर 20 डिसेंबरचं पाणी फुलोऱ्यात मिळेल. बियाणं घेण्याआधी हा हिशेब करा.

विहीर आहे: पहिली दोन पाणी विहिरीची देऊ शकत असाल तर तुमच्या गव्हात फरक नाही.

मक्त्यानं दिलेलं-घेतलेलं वावर: मालकानं ही सूचना वाहणाऱ्याला आजच सांगावी. संस्थेकडे मालकाचंच नाव आहे.

वरची चार आउटलेट: तुम्हालाही पहिल्या आवर्तनात पाणी नाही. का ते पाटकऱ्याला किंवा सचिवांना विचारा, जागेवर नेऊन दाखवू.

पाणी मागणी: गव्हाचा अर्ज भरला असेल तर 5 नोव्हेंबरपर्यंत हरभऱ्यावर बदलून मिळेल.

अजून ठरलं नाही: पहिल्या आवर्तनातलं आपलं न वापरलेलं पाणी पुढे मिळेल का? शाखेकडे मागितलं आहे. 8 नोव्हेंबरला उत्तर येईल, त्या दिवशी सांगू. तोवर ते मिळणार नाही असं धरून चाला.

ही तारीख टिकेल का: 9 नोव्हेंबरला काँक्रीट सुरू झालं तर टिकेल. नाही झालं तर त्याच संध्याकाळी कळवू.

21 तारखेच्या सूचनेत तारीख दिली नव्हती, ती चूक आमची. सचिव, पाणी वापर संस्था.»

पहिली ओळ ‘येणार नाही’ अशी नकारानं सुरू करावी की नाही यावर थोडी कुजबुज झाली. एकांना ती उद्धट वाटत होती. पण जुनी तारीख प्रत्येकाच्या डोक्यात बसलेली असते. नुसती नवी तारीख सांगितली तर काही जण ‘दोन पाळ्या आहेत’ असं समजतात. जुनी आधी पुसावी लागते. ‘शक्यता आहे’ हा शब्द आम्ही मुद्दाम गाळला, कारण आमच्याकडे ‘शक्यता’ म्हणजे ‘बहुतेक होणार नाही’ असाच घेतात.

9 नोव्हेंबरची ओळ माझ्या मते सगळ्यात कामाची होती. नुसतं ‘20 डिसेंबर’ म्हटलं असतं तर लोक डिसेंबरपर्यंत डोळे मिटून बसले असते किंवा रोज फोन करत राहिले असते. आता प्रत्येकाला एक खूण मिळाली. 9 तारखेला सकाळी मोरीवर पंधरा-वीस माणसं जमली होती, मिक्सर फिरतो की नाही ते बघायला. फिरला. त्या दिवशी फळ्यावर मी एवढंच लिहिलं: काँक्रीट सुरू, तारीख कायम. त्याच्या आदल्या दिवशी न वापरलेल्या पाण्याचं उत्तर आलं होतं, अर्धं मिळेल. ‘मिळणार नाही असं धरा’ म्हटलं होतं, म्हणून अर्ध्याचाही लोकांना आनंद झाला. आधी ‘मिळेल असं वाटतं’ म्हटलं असतं तर तेच अर्धं फसवणूक ठरलं असतं.

सूचना लिहिली म्हणजे पोचली असं नाही. ग्रुपवर 131 जण, सभासद 212. उरलेल्या 81 मध्ये कोण होते? म्हातारे, साधा फोनवाले, आणि नवरा गेल्यावर सातबारा नावावर आलेल्या सतरा बायका. ग्रुपवर त्यांच्याऐवजी कुठे दीर, कुठे पुतण्या. पाटकऱ्याला यादी दिली आणि सांगितलं, शेवटच्या आउटलेटपासून सुरुवात कर, कारण त्यांच्याकडे विहिरी सगळ्यात कमी. घरी जाऊन सांगायचं, ऐकलेल्या माणसाकडून ‘पाणी किती तारखेला?’ हे उलट विचारून घ्यायचं, मग नावापुढे खूण. चार दिवस लागले. ‘समजलं का’ विचारलं की सगळेच हो म्हणतात. तारीख विचारली तेव्हा पहिल्या दिवशी पाच जणांनी 18 नोव्हेंबरच सांगितली.

एक प्रत तालुक्याच्या रस्त्यावरच्या तिन्ही कृषी केंद्रांच्या काउंटरवर ठेवली. गहू मागायला आलेल्या माणसाला दुकानदारच विचारायला लागला, “कोनतं आउटलेट? विहीर हाये का?” व्यापारी माल खपवायलाच बसलेला असतो हे खरं, पण हरभऱ्याचं बियाणंही तोच विकतो, त्यामुळे त्याचं काही बिघडत नव्हतं.

आता चूक. आम्ही लिहिलं ‘मायनरला पाणी 20 डिसेंबरला’. 212 जणांनी वाचलं ‘माझ्या वावरात पाणी 20 डिसेंबरला’. आमच्या संस्थेत पाळी शेवटाकडून वर येते, आधी 11 नंबर, मग 10, असं करत सगळ्यात शेवटी 1. हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सूचना वाचताना तो कोणाच्या डोक्यात नसतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वरच्या आउटलेटचे लोक ओलितासाठी 20 आणि 21 तारखेची मजुरी ठरवायला लागले, तेव्हा लक्षात आलं. मग तिसरा कागद काढला, त्यात फक्त तीन ओळी: आउटलेट 9 ते 11 ला 20 ते 24 डिसेंबर; 5 ते 8 ला 25 ते 29 डिसेंबर; 1 ते 4 ला 30 डिसेंबर ते 3 जानेवारी. वरच्या चार आउटलेटचं आधी पहिलं आवर्तन हुकलं होतं, आता दुसऱ्यातही शेवटची पाळी. ते चिडले आणि चिडणं बरोबर होतं. पाळी उलटवा अशी मागणी आली. संचालकांनी ती मानली नाही. वरच्यांचा हरभरा 30 तारखेला साठेक दिवसांचा, घाटे भरण्यात असेल, त्यालाही पाणी लागतंच. खालच्यांचा मात्र फुलोऱ्यातला मोका गेला असता. हा हिशेब ऑक्टोबरच्या सूचनेतच मांडला असता तर तेव्हाच भांडून मोकळे झालो असतो. डिसेंबरमध्ये भांडण महाग पडतं, कारण तोवर माणसानं मजूर सांगितलेला असतो.

पाणी प्रत्यक्षात 22 डिसेंबरला आलं. मुख्य कालव्याच्या दाराचं काहीतरी काम निघालं, हे 18 ला कळलं आणि 18 लाच फळ्यावर गेलं: सगळ्या पाळ्या दोन दिवस पुढे. ह्या दोन दिवसांबद्दल मला एकही फोन आला नाही.

सायकलवाल्या बुवांचं शिवलेलं पोतं सहाव्या आउटलेटवरच्या एका विहीरवाल्यानं घेतलं, दुकानाच्या भावानं. उघडलेलं कोणी घेतलं नाही. त्यांनी त्यातला गहू धुऱ्यालगत अर्ध्या एकरात पेरला, बाकी वावरात हरभरा. 22 च्या रात्री मी दहाव्या आउटलेटवर गेलो तेव्हा ते खांद्यावर घोंगडं, हातात फावडं घेऊन दांडात उभे होते. हरभरा फुलावर होता. गव्हाकडे बॅटरी मारून म्हणाले, “ह्याले पानी द्याव का तुमच्या घरी पोचवून देऊ?”